सातव्या मजल्यावरचं बंद स्वयंपाकघर आणि सहाव्या मजल्यावरचे शॉवर

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका सात मजली कार्यालयीन इमारतीचं आहे. इमारत, तिथले भाडेकरू आणि ठेकेदार यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी इमारतींच्या पाणीव्यवस्थेवर सल्लागार म्हणून काम करतो. मला बोलावलं तेव्हा या प्रकरणाला सुरुवात होऊन दोन-तीन महिने झाले होते. त्यामुळे सुरुवातीचा भाग नोंदवह्यांवरून आणि तिथल्या लोकांशी बोलून लिहिला आहे.

पाण्याची रचना आपल्याकडे नेहमी दिसते तशीच होती. तळघरातल्या टाकीतून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढायचं आणि तिथून खाली उतरायचं. वरच्या दोन मजल्यांना नुसत्या उतारावर पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून त्यांच्या लाइनवर प्रेशर पंप होता. गरम पाण्यासाठी गच्चीवर पाचशे लिटरची टाकी आणि हीट पंप. सहाव्या मजल्यावर कर्मचाऱ्यांसाठी व्यायामशाळा होती आणि तिथे सहा शॉवर.

सातव्या मजल्यावर पूर्वी एका कंपनीचं मोठं कँटीन होतं. ती कंपनी गेली. नव्या भाडेकरूने स्वयंपाकघर काढून तिथे बैठकीच्या खोल्या केल्या. सिंक, भांडी धुण्याची जागा, पाण्याचे कूलर सगळं निघालं. भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपांना एंड कॅप लावल्या, वर प्लास्टर आणि रंग झाला. पाइप मात्र फॉल्स सीलिंगच्या वर होते तिथेच राहिले, मुख्य लाइनला जोडलेले आणि पाण्याने भरलेले.

समस्या

सहाव्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या परदेशी मुख्यालयाने वार्षिक तपासणीत लीजिओनेलाची चाचणी मागितली. हा जिवाणू पाण्यातलाच आहे. 1976 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ आली, तिच्या तपासात तो पहिल्यांदा ओळखला गेला. पाणी पिऊन सहसा त्याची बाधा होत नाही. पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले की होते. म्हणून शॉवर, हेल्थ फॉसेट, कारंजी आणि कूलिंग टॉवर या जागा महत्त्वाच्या.

सहापैकी चार शॉवरच्या नमुन्यांत लीजिओनेला सापडला. सर्वात जास्त आकडा लिटरमागे जिवाणूंच्या 1,800 वसाहतींचा होता. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेच्या मार्गदर्शिकेनुसार लिटरमागे 1,000 च्या वर आकडा गेला की पुन्हा नमुने घ्यायचे आणि नियंत्रणाची सगळी व्यवस्था लगेच तपासायची. भाडेकरूच्या मुख्यालयाने हीच मोजपट्टी धरली होती. कुणी आजारी पडल्याची नोंद नव्हती.

इमारत व्यवस्थापनाने टाकी साफ करणाऱ्या ठेकेदाराला बोलावलं. त्याने टाकी घासली, भरपूर क्लोरीन टाकलं, शॉवर आणि नळ उघडून वास येईपर्यंत पाणी सोडलं आणि एका तासाने ते धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी नमुने दिले. अहवाल स्वच्छ आला आणि फाइल बंद झाली.

सहा आठवड्यांनी भाडेकरूने स्वतःहून पुन्हा तपासणी केली. या वेळी सहाही शॉवर दूषित निघाले.

इथे दोन गोष्टी घडल्या होत्या. पहिली नमुन्याची. जबर क्लोरीन दिल्यावर लगेच घेतलेला नमुना फसवा असतो, कारण पाण्यात सुटे तरंगणारे जिवाणू तेवढे मरतात. पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात, बायोफिल्ममध्ये, शिवाय तिथे राहणाऱ्या अमिबांच्या पोटात दडलेले जिवाणू वाचतात आणि काही दिवसांत पुन्हा पाण्यात उतरतात. म्हणून निर्जंतुकीकरणानंतर निदान दोन दिवस थांबून, आठवड्याच्या आत नमुना घ्यायचा असतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. क्लोरीन पाण्याबरोबर जातं, आणि जिथे पाणी वाहतच नाही तिथे ते पोहोचत नाही. ठेकेदाराने उघडता येणारे सगळे नळ उघडले होते. ज्या पाइपांच्या टोकाला नळच उरला नव्हता, त्यांत जुनं पाणी जसंच्या तसं बसून होतं.

शोध

मी आधी फक्त मोजमाप केलं. क्लोरीन तपासायचं साधं डीपीडी किट आणि थर्मामीटर एवढंच साहित्य. गच्चीच्या टाकीच्या तोंडाशी क्लोरीन लिटरमागे 0.4 मिलिग्रॅम होतं. सातव्या मजल्यावरच्या वापरातल्या बेसिनला 0.3. सहाव्या मजल्यावरच्या शॉवरला, थंड पाण्याच्या पहिल्या धारेत शून्य. पाच मिनिटं पाणी सोडल्यावर 0.2 पर्यंत आलं. हे समजण्यासारखं आहे, पहिल्या धारेत रात्रभर पाइपात उभं असलेलं पाणी येतं. खटकलं ते पुढचं. धार चालूच असताना आकडा मधूनच 0.1 च्या खाली जायचा आणि पुन्हा वर यायचा. नीट पाहिल्यावर दिसलं की तो पंप बंद-चालू होण्याच्या वेळेशी जुळतोय.

कॅप लावलेल्या पाइपाच्या टोकाशी बहुतेक वेळा थोडी हवा अडकलेली असते. पंप चालू झाला की दाब वाढतो, हवा आकसते आणि मुख्य लाइनमधलं थोडं पाणी त्या बंद फाट्यात शिरतं. पंप थांबून दाब उतरला की हवा फुगते आणि फाट्यातलं पाणी बाहेर ढकलते. हिशोब सोपा आहे. वातावरणाच्या दाबाला दोन लिटर हवा अडकली असेल आणि पंप अडीच ते चार बारच्या दरम्यान चालत असेल, तर प्रत्येक फेरीला साधारण 170 मिलिलिटर पाणी आत-बाहेर होतं. पंप दिवसातून शेकडो वेळा बंद-चालू होतो. म्हणजे बंद केलेला फाटा खरं तर बंद नसतोच, आपलं पाणी तो थोडं थोडं मुख्य लाइनमध्ये सोडत राहतो. इथे प्रवाह वरून खाली असल्यामुळे सातव्या मजल्यावरच्या फाट्यांतून निघालेलं पाणी सरळ सहाव्या मजल्यावरच्या शॉवरकडे जात होतं.

फाटे शोधायला नकाशे कामाचे नव्हते. इमारत बांधताना काढलेल्या नकाशात कँटीनच नव्हतं, ते नंतर आलेलं. शेवटी उपयोगी पडले ते त्या वेळी काम केलेले प्लंबर. व्यवस्थापकांनी त्यांना फोन करून बोलावलं. ते आले आणि आधी थोडे बुचकळ्यात पडले. ‘साहेब, लाइन तर मीच बंद केली होती. चांगली कॅप लावलीय, एक थेंब गळत नाही.’ गळती नसणं ही त्यांच्या दृष्टीने कामाची कसोटी होती आणि त्या कसोटीवर काम उत्तम झालं होतं. त्यांना कुणी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी सीलिंगच्या टाइल कुठून काढायच्या ते अचूक दाखवलं.

तीन फाटे निघाले. सर्वात मोठा होता स्वयंपाकघराच्या थंड पाण्याचा, सव्वा इंची सीपीव्हीसी, अकरा मीटर लांब. त्यात जेमतेम सात लिटर पाणी मावतं. दुसरा गरम पाण्याचा, त्याहून बारीक. तिसरा कूलरचा, जो अर्ध्या वाटेवर भिंतीत शिरत होता. तिन्ही फाटे गच्चीच्या स्लॅबखाली, सीलिंगच्या वरच्या बंद पोकळीत होते. एप्रिलच्या दुपारी पाइपाच्या पृष्ठभागावर 38 अंश तापमान मिळालं. लीजिओनेला 20 ते 45 अंशांच्या दरम्यान वाढतो आणि 35 च्या आसपास सर्वात जोमाने.

याला जोड म्हणून दोन गोष्टी होत्या. वीज वाचावी म्हणून गरम पाण्याच्या टाकीचा थर्मोस्टॅट 45 वर ठेवला होता आणि शॉवरपर्यंत ते पाणी 40 वर यायचं, म्हणजे गरम लाइनही त्याच धोक्याच्या पट्ट्यात. शिवाय निम्मे लोक घरून काम करायला लागल्यापासून पाण्याचा वापर घटला होता. गच्चीवर वीस-वीस हजार लिटरचे दोन कप्पे आणि रोजचा वापर नऊ हजारांच्या घरात. टाकीत पाणी चार दिवसांहून जास्त पडून राहायचं आणि तेवढ्या वेळात क्लोरीन विरायचं.

पर्याय

बैठकीत पहिला प्रस्ताव दर महिन्याला क्लोरीन मारण्याचा होता. खर्च कमी, ठेकेदार तयार. पण ज्या कारणाने पहिला प्रयत्न फसला, त्याच कारणाने हाही फसणार होता, आणि वारंवारच्या जबर मात्रेने रबरी वायसर आणि धातूच्या जोडण्या खराब होतात ते वेगळंच.

दुसरा प्रस्ताव क्लोरीन डायऑक्साइडचं यंत्र बसवून सतत मात्रा देण्याचा. बायोफिल्मवर ते साध्या क्लोरीनपेक्षा चांगलं काम करतं आणि मोठ्या रुग्णालयांत त्याला जागा आहे. मात्र तेही वाहत्या पाण्यातूनच पोहोचतं. आधी फाटे ठेवायचे आणि मग त्यांच्यावर उपाय म्हणून यंत्र घ्यायचं, हे मला पटलं नाही. तसं मी स्पष्ट सांगितलं.

तिसरा, वरच्या दोन मजल्यांची सगळी पाइपलाइन नवी करण्याचा. भाडेकरूच्या मुख्यालयाचा कल तिकडे होता. नवी लाइनही त्याच कोमट पाण्यावर, तशीच पडून राहिली तर काही महिन्यांत तिच्यातही थर धरला असता.

चौथा, फाट्यांच्या टोकाला नळ बसवून आठवड्याला पाणी सोडण्याचा. ब्रिटिश मार्गदर्शिकेत क्वचित वापरल्या जाणाऱ्या नळांसाठी आठवड्यातून एकदा पाणी सोडण्याची पद्धत आहेच. पण ती वापराची शक्यता असलेल्या नळांसाठी. बैठकीच्या खोलीच्या सीलिंगमध्ये फक्त ओतून द्यायला नळ ठेवायचा, तर एखाद्या सुट्टीत ते राहून जाणार हे नक्की.

म्हणून पाचवा पर्याय धरला. फाटे मुळापासून, मुख्य लाइनवरच्या टीपासून म्हणजे तीन तोंडांच्या जोडापासून कापायचे, तापमान आणि टाकीतला मुक्काम दुरुस्त करायचा आणि त्यानंतर एकदाच नीट क्लोरीन द्यायचं. हा क्रम बदलून चालत नाही.

इथे आपल्या हवामानाची एक अडचण सांगायला हवी. थंड पाणी 20 अंशांच्या खाली ठेवा, हा युरोपातला पाया आहे. पुण्यात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच 30 अंशांवर असतं. तापमानाचा हा अर्धा बचाव आपल्याला उपलब्ध नाही. थंड लाइनवर आपल्या हातात राहतं ते पाणी हलतं ठेवणं आणि शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन टिकवणं. भारतीय मानक आयएस 10500 मध्ये मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम सांगितलं आहे. आम्ही तोच आकडा सर्वात लांबच्या शॉवरला पहिल्या मिनिटात मिळायला हवा असं ठरवलं.

कृती

सर्वात आधी शॉवर बंद केले. याला थोडा विरोध झाला, कारण व्यायामशाळा चालू ठेवायची होती. शॉवरशिवाय ती चालू राहिली.

कर्मचाऱ्यांना काय सांगायचं यावर बराच वेळ गेला. मनुष्यबळ विभागाला ‘देखभालीसाठी बंद’ एवढाच फलक लावायचा होता. मी कंपनीच्या डॉक्टरांशी बोललो. त्यांचं म्हणणं ठाम होतं की गेल्या दोन आठवड्यांत शॉवर वापरलेल्या कुणाला ताप, खोकला, धाप लागली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरला ही माहिती मिळालीच पाहिजे. लीजिओनेलाचा न्यूमोनिया नेहमीच्या काही प्रतिजैविकांना दाद देत नाही आणि लघवीची त्वरित चाचणी मुख्यतः त्याच्या एकाच गटाला ओळखते. तेव्हा चाचणी नकारात्मक आली तरी शंका मिटत नाही. शेवटी सरळ भाषेतलं एक पानी पत्र सर्वांना गेलं. घबराट झाली नाही, प्रश्न मात्र पुष्कळ आले आणि त्यांची उत्तरं देता आली.

पाइपांचं काम एका शनिवार-रविवारी केलं. पहिल्या दोन फाट्यांच्या टी कापून काढल्या आणि तिथे सरळ तुकडा सॉल्व्हंटने जोडला. टी तशीच ठेवून तिच्या तोंडाला कॅप लावणं सोपं होतं. टीलगतचा आखूड खुंट वाहत्या पाण्याने बराचसा धुतलाही जातो. तरी सरळ तुकडा लावला, कारण उरलेली टी पुढच्या माणसाला पुन्हा फाटा जोडायचं आमंत्रण देते.

तिसऱ्या फाट्याची टी भिंतीत, नव्या लाकडी पॅनलिंगच्या मागे होती. तोडफोडीला सातव्या मजल्यावरचा भाडेकरू तयार नव्हता आणि त्याचं म्हणणं अवाजवी नव्हतं. पलीकडच्या बाजूला पुरुषांचं स्वच्छतागृह होतं. आम्ही त्या फाट्याचं टोक पुढे नेऊन तिथल्या सर्वात जास्त वापराच्या दोन फ्लश टाक्यांना जोडलं आणि त्यांची आधीची जोडणी टीपासून काढून टाकली. आता दर फ्लशला तो फाटा ताज्या पाण्याने भरतो. फाटा काढता येत नसेल तर त्याच्या शेवटी रोज हमखास वापरली जाणारी गोष्ट लावायची, ही युक्ती नव्या बांधकामातही करण्यासारखी आहे.

गरम पाणी 60 अंशांवर नेलं. या तापमानाला लीजिओनेलाची संख्या साधारण दोन मिनिटांत नव्वद टक्के घटते. हीट पंपाला तिथपर्यंत जाताना जास्त वीज लागते, म्हणून शेवटच्या टप्प्यासाठी टाकीत एक हीटर वापरला. टाकी ते शॉवर परतीची लाइन नव्हती, ती टाकून छोटा पंप बसवला, नाहीतर टाकीत 60 आणि पाइपात 35 असं झालं असतं. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत त्वचा भाजतं, म्हणून प्रत्येक शॉवरला मिक्सिंग व्हॉल्व्ह लावला, शक्य तितका शॉवरजवळ. व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप पुन्हा कोमटच असतो, तो जितका आखूड तितका बरा.

टाकीचा एक कप्पा रिकामा करून, सुकवून बंद ठेवला. व्यवस्थापक साशंक होते, कारण गुरुवारी पालिकेचं पाणी बंद राहिलं तर काय. तळघरातल्या टाकीतला साठा दाखवल्यावर त्यांची खात्री पटली. आगीसाठीचा साठा वेगळा होता, त्याला हात लावला नाही. गच्चीवर आता पाणी दोन-अडीच दिवसांत बदलतं.

यानंतर क्लोरीन. टाकीत दोन हजार लिटर पाणी ठेवून लिटरमागे 50 मिलिग्रॅमची मात्रा केली. दहा टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर त्याला एक लिटर लागतं. द्रावण जुनं असेल तर ताकद उतरलेली असते, म्हणून मात्रा कागदावर न धरता किटने मोजली. प्रत्येक नळावर 50 ची खात्री करून एक तास ठेवलं आणि मग धुतलं. हे पाणी सरळ ड्रेनेजमध्ये सोडलं असतं तर इमारतीच्या सांडपाणी प्रकल्पातले उपयोगी जिवाणू मेले असते. सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मारून मगच ते सोडलं. शॉवरची डोकी आणि लवचिक नळ्या नव्या बसवल्या.

परिणाम

पाच दिवसांनी नमुने घेतले. प्रत्येक शॉवरचे दोन, एक पहिल्या धारेचा आणि एक पाणी वाहून गेल्यावरचा. हे दोन वेगळे ठेवण्यातच अर्थ आहे. फक्त पहिल्या धारेत जिवाणू असतील तर दोष त्या शॉवरपुरता असतो, दोन्हींत असतील तर मागच्या लाइनमध्ये. नमुना वाढवून पाहायला दहा दिवस लागतात. सगळे स्वच्छ आले.

दुसऱ्या महिन्यात सर्वात टोकाच्या शॉवरच्या पहिल्या धारेत 200 वसाहती सापडल्या, वाहत्या पाण्यात काहीच नाही. म्हणजे लाइन ठीक, दोष शॉवरपाशी. तो शॉवर कोपऱ्यातला, लोक तिथे जातच नव्हते. मिक्सिंग व्हॉल्व्ह उघडून त्याची जाळी साफ केली आणि सोमवारी सकाळी पाणी सोडण्याच्या यादीत त्याला पहिलं स्थान दिलं. सोमवार यासाठी, की शनिवार-रविवारचं उभं पाणी लोक यायच्या आत निघून जावं. सफाई कर्मचाऱ्यांना शॉवरचं डोकं काढून, नळी जमिनीवरच्या ड्रेनेजच्या जाळीशी धरून, तुषार न उडवता पाणी सोडायला शिकवलं. पूर्वी त्या शॉवर पूर्ण उघडून खोलीतच उभ्या राहायच्या. ज्या धोक्यातून लोकांना वाचवायचं, त्यात त्यांनाच आधी उभं केलं जात होतं.

पुढच्या तिमाही तपासण्यांत काही सापडलेलं नाही. टोकाच्या शॉवरला क्लोरीन 0.2 च्या वर राहतं. भर मे महिन्यात ते एकदा 0.15 वर आलं, तेव्हा टाकीतली मात्रा थोडी वाढवावी लागली. विजेचं बिल वाढलं आहे आणि दर वर्षी कुणीतरी थर्मोस्टॅट खाली आणायचं सुचवतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला अहवाल प्रशासन विभागाच्या ईमेलमध्ये जवळजवळ दोन आठवडे न वाचता पडून होता आणि तेवढे दिवस शॉवर चालू होते. प्रयोगशाळेला आता सूचना आहे की असा निकाल आला तर फोन करायचा, दोन ठरलेल्या व्यक्तींना. शॉवर बंद करायला आणखी कोणाची परवानगी लागत नाही, हेही लेखी केलं आहे.

पहिल्या क्लोरीनच्या वेळी, टाकी घासण्याआधी, कुणी एकाने मजल्यांवर फिरून पूर्वी इथे काय होतं एवढं विचारलं असतं तर सहा आठवडे वाचले असते. प्लंबर एका फोनवर आले होते.

मूळ निर्णय मात्र त्याही आधीचा आहे. कँटीन काढताना सीलिंग उघडंच होतं, टी समोर दिसत होत्या. तेव्हा कापायला एक दुपार पुरली असती. नंतर त्याच कामासाठी सुट्टीचे दोन दिवस, पाणी बंद, सीलिंगची दुरुस्ती आणि बैठकांवर बैठका लागल्या. भाडेकरू जागा सोडतो तेव्हाच्या हस्तांतरण अर्जात ‘पाइप बंद केले’ अशी ओळ होती. ती बदलून आता ‘फाटा मुख्य लाइनवरच्या टीपासून काढला, फोटो जोडला’ अशी आहे. त्याखाली सही प्लंबरची असते आणि ती पहिली सही त्याच प्लंबरांची आहे, ज्यांनी कॅप लावल्या होत्या.